"रेट चुकलाय" असं लिहिलं आणि बिल दुसऱ्यांदा चुकून आलं – दुरुस्ती नेमकी कशी मागायची?

अंबड_अकाउंट्स | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. मी अंबडच्या एका छोट्या युनिटमध्ये खरेदीची बिलं बघते. एक बिल तीन आठवडे अडकलंय, त्याबद्दल विचारायचंय.

आम्ही पुठ्ठ्याचे बॉक्स आणि पॅकिंगची टेप एकाच पार्टीकडून घेतो, पार्टी नाशिकचीच आहे. ९ ऑक्टोबरचं बिल, नंबर १४७. पहिली ओळ बॉक्सची, २,००० नग, भाव १८ रुपये, म्हणजे ३६,००० आणि त्यावर १२ टक्के जीएसटी. दुसरी ओळ टेपची, १०० रोल, ४० रुपयांनी ४,००० आणि त्यावर १८ टक्के. टॅक्स ५,०४०, एकूण बिल ४५,०४०.

चुका दोन आहेत. आमच्या पीओत बॉक्सचा भाव साडेसतरा आहे, बिलात १८ लागलाय. आणि २२ सप्टेंबरपासून बॉक्सवर ५ टक्के झालाय, बिलात अजून १२ आहे.

मी मेल केला, "बिल नं. १४७ मध्ये रेट चुकला आहे, करेक्ट करून पाठवा." दिवाळीनंतर दुसरी पीडीएफ आली, नंबर तोच, तारीख तीच, आणि एकूण बरोबर ४२,०००! गोल आकडा बघून मी जवळजवळ पास केलं होतं. मग नीट बघितलं तर भाव १८ तसाच, बॉक्सवर ५ टक्के केलाय, पण टेपवर पण ५ टक्के लावलाय. म्हणजे एक चूक गेली, एक राहिली आणि एक नवीन आली.

आता परत मेल टाकायचाय पण यावेळी असं लिहायचंय की समोरच्याला अंदाज बांधावाच लागू नये. तुम्ही कसं लिहिता?

पंचवटी७ | ११:४१

सोपं आहे ताई. रिव्हाइज्ड इन्व्हॉइस मागा. १४७ च्या पुढे आर लावून देतील. ११ तारखेच्या आत मागा म्हणजे त्यांच्या ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये बरोबर आकडे जातील.

सातपूर_बिलिंग | १२:०५

मी दुसऱ्या बाजूला बसतो, बिलं बनवायला. म्हणून ही पीडीएफ कशी बनली असेल ते मला डोळ्यासमोर दिसतंय.

तुम्ही लिहिलं "रेट चुकलाय". आपल्याकडे रेट म्हणजे भाव पण आणि रेट म्हणजे जीएसटीचा टक्का पण. तुमच्या मनात दोन्ही होते, पण वाचणाऱ्याने एकच घेतला. सध्या सगळीकडे टक्क्यांचाच गोंधळ चालू असल्यामुळे त्याने टक्का घेतला. मग टॅलीत गेला असणार, बॉक्स आणि टेप दोन्ही "पॅकिंग मटेरियल" अशा एकाच स्टॉक ग्रुपमध्ये असतील, त्याने ग्रुपलाच ५ टक्के लावून टाकला आणि टेप पण ५ वर गेली. वाईट हेतू काही नसतो हो, दिवसाला तीस चाळीस बिलं असतात आणि फोन चालू असतो.

मला ज्या मेलमुळे पाच मिनिटांत काम करता येतं त्यात एवढंच असतं की कितवी ओळ, त्या ओळीतला कुठला रकाना, आत्ता काय छापलंय, काय हवं होतं, आणि ते हवं होतं हे कशावरून. "अमाउंट चुकलीय" असं आलं तरी मला कळत नाही. टॅक्सेबल अमाउंट, टॅक्सची अमाउंट का शेवटची बेरीज? तिन्हीला लोक अमाउंटच म्हणतात.

अंबड_अकाउंट्स | १२:१२

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पीओवर आम्ही रकान्याचं नाव "रेट" असंच छापतो आणि तिथे तो भाव असतो. मी भाव म्हणूनच सुरुवात केली आणि टक्का त्याच्यात धरून चालले.

जमाखर्च | १२:५०

पंचवटी७, दोन गोष्टींवर थांबवतो तुम्हाला. मी पंचवीस वर्षं हीच कामं करतोय, विक्रीकराच्या काळापासून, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, रिव्हाइज्ड इन्व्हॉइस हा शब्द कायद्यात आहे पण तो वेगळ्यासाठी आहे. नवीन नोंदणी झालेल्या माणसाला, नोंदणी लागू झाल्यापासून सर्टिफिकेट हातात येईपर्यंत जी बिलं केली असतील ती एका महिन्याच्या आत रिव्हाइज करून देता येतात. चालू धंद्यातलं चुकलेलं बिल दुरुस्त करायचा रस्ता कलम ३४ चा. बिलात किंमत किंवा टॅक्स जास्त लागला असेल तर विकणाऱ्याने क्रेडिट नोट द्यायची, कमी लागला असेल तर डेबिट नोट. म्हणून मागणीत "रिव्हाइज बिल द्या" लिहिलं की समोरचा तीच जुनी फाइल उघडून आकडे बदलतो आणि त्याच नंबरची दुसरी पीडीएफ पाठवतो. आता ताईंच्या हातात १४७ नंबरची दोन वेगळी बिलं आहेत, आणि पार्टीच्या पुस्तकात नेमकं कुठलं आहे ते कोणालाच माहीत नाही. दोन चुकलेल्या आकड्यांपेक्षा मला हे जास्त काळजीचं वाटतं.

दुसरी गोष्ट ११ तारखेची. मूळ बिल जसं दिलं तसंच ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये गेलं पाहिजे, ३६,००० वर १२ टक्के आणि ४,००० वर १८ टक्के. क्रेडिट नोट नोव्हेंबरच्या तारखेची बनली की ती नोव्हेंबरच्या रिटर्नमध्ये जाईल, म्हणजे ११ डिसेंबरपर्यंत. ११ नोव्हेंबरची घाई करून ऑक्टोबरच्या रिटर्नमध्ये वेगळेच आकडे भरले तर कागदावर एक आणि पोर्टलवर एक असं होईल. मागणीत हे पण लिहायचं, की मूळ बिल बदलू नका, पहिल्या पीडीएफप्रमाणेच दाखवा.

पंचवटी७ | १:१५

काका, मान्य, कायद्यात तसं असेल. पण बाजारात निम्मे लोक बिल बदलूनच देतात आणि कुठे काही होत नाही. आणि टॅक्स जास्त लागला तर बिघडलं काय, इनपुट मिळणारच आहे ना पूर्ण?

जमाखर्च | १:३८

बिल त्याच दिवशी, माल गेटबाहेर जायच्या आधी, कोणाच्याच हातात न देता बदललं तर मी पण काही म्हणणार नाही. इथे माल उतरलाय, बिल तुमच्या पुस्तकात चढलंय.

इनपुटचं तुमचं अर्धं बरोबर. भावातल्या फरकाचे १,००० रुपये इनपुट म्हणून परत येत नाहीत, ते सरळ खिशातून जातात. टॅक्सच्या जादा २,५७० चं इनपुट पोर्टलवर दिसेल, पण लागूच नसलेल्या टक्क्याने लावलेल्या टॅक्सचं इनपुट घेतलं तर अधिकारी प्रश्न विचारू शकतो. तो टिकतो का नाही यावर माझ्या ओळखीच्या दोन सीएंची दोन मतं आहेत. मी तरी माझ्या पार्टीला तो वाद अंगावर घ्या असं सांगणार नाही.

दिंडोरीकर | २:०५

बरं झालं विषय निघाला. माझा पण बॉक्सचाच प्रश्न हाय. अर्ली द्राक्षासाठी पेट्या घेतल्या, २४,००० चा माल, त्यावर १२ टक्क्यांनी २,८८० लावले. बिल १८ सप्टेंबरचं. मला जीएसटी नंबर नाय, मला इनपुट बिनपुट काय नाय. दुकानदार म्हनतो बिलाच्या तारखेला १२ च होता, चूक नाय. मी पन ताईंसारखा मेल टाकू का?

पंचवटी७ | २:११

दादा १८ ला १२ टक्केच होता, २२ पासून ५ झाला. तुमचं बिल बरोबर आहे.

जमाखर्च | २:२०

थांबा जरा. दिंडोरीकर, माल शेतावर कधी उतरला आणि पैसे कधी दिले?

दिंडोरीकर | २:४६

माल २४ सप्टेंबरला आला टेम्पोनं. पैसे दसऱ्यानंतर, १० ऑक्टोबरला, बँकेतून.

जमाखर्च | ३:०२

मग गोष्ट बदलते. दर बदलतो तेव्हा फक्त बिलाची तारीख बघत नाहीत, कलम १४ मध्ये तीन तारखा बघतात. माल दिल्याची, बिलाची आणि पैसे आल्याची. ढोबळ हिशेब असा की तिघींपैकी दोन ज्या बाजूला पडतात तो दर. तुमची बिलाची तारीख २२ च्या आधीची, पण माल आणि पैसे दोन्ही नंतरचे, म्हणून दर ५ चा. २४,००० वर १,२०० व्हायला हवे होते, घेतले २,८८०, फरक १,६८० चा.

पण तुमची मागणी ताईंच्यापेक्षा वेगळी लिहावी लागेल. तुम्ही नुसतं "टक्का चुकला, ५ करा" लिहिलं तर दुकानदार बिलाची तारीख दाखवून परत तेच उत्तर देईल, आणि त्याच्या जागी ते खरंच आहे, छापताना १२ च बरोबर होता. तुमचा आधार बिलाच्या बाहेर आहे. म्हणून मागणीत माल उतरल्याची तारीख आणि बँकेतली तारीख लिहा, टेम्पोच्या चलानाचा फोटो आणि पासबुकातली ती नोंद जोडा.

दिंडोरीकर | ३:१०

चलान हाय का बघतो. पोरानं ठेवलं आसंल तर.

गोदाकाठ | ३:३४

आमच्याकडे वेगळीच चूक व्हायची, रकमा सगळ्या बरोबर आणि ग्राहकाचा जीएसटी नंबरच चुकीचा. आमच्या कंपनीची नाशिकला एक आणि सुरतला एक अशा दोन नोंदण्या, पॅन एकच त्यामुळे नंबर दिसायला सारखे, नाशिकचा २७ ने सुरू होतो आणि सुरतचा २४ ने. नाशिकच्या एका सप्लायरने माल नाशिकला दिला आणि बिल सुरतच्या नंबरवर आयजीएसटी लावून केलं. आमच्या पोराने मेल केला की "जीएसटी चुकलाय". समोरून उत्तर आलं, "१८ टक्के बरोबर आहे, चेक केलं." तो टक्का बघत होता, आम्ही नंबर म्हणत होतो. दोन महिने गेले त्यात आणि तेवढा वेळ इनपुट सुरतच्या खात्यात दिसत राहिलं. आता आम्ही पंधराच्या पंधरा अक्षरं लिहितो, छापलेला हा, हवा होता हा, आणि पहिले दोन अंक वेगळे आहेत हे वेगळ्या वाक्यात. शिवाय नंबर बदलला की आयजीएसटीच्या जागी सीजीएसटी एसजीएसटी येणार हे पण लिहावं लागतं, नाहीतर नंबर बदलतात आणि टॅक्सचा प्रकार तसाच ठेवतात.

सातपूर_बिलिंग | ३:५०

अगदी. "जीएसटी चुकलाय" हे वाक्य तर रेटच्या वरताण आहे. नंबर, टक्का, रक्कम, प्रकार, चार अर्थ निघतात त्यातून.

ताई, त्या पार्टीचं बिल ई-इन्व्हॉइसचं आहे का? क्यूआर कोड आहे का वर? पाच कोटींच्या वरची उलाढाल असेल तर आयआरएन निघतो आणि तो २४ तासांतच रद्द होतो, आणि रद्द केलेला नंबर परत वापरता येत नाही. तसं असेल तर त्याच नंबरचं बिल मागणं हेच चुकीचं ठरतं.

अंबड_अकाउंट्स | ४:०५

क्यूआर नाही, पार्टी छोटी आहे. मग क्रेडिट नोट मागायची हे पक्कं. पण किती रकमेची? बरोबर बिल काढून बघितलं, बॉक्स २,००० गुणिले साडेसतरा म्हणजे ३५,०००, त्यावर ५ टक्के १,७५०. टेप तशीच, ४,००० वर ७२०. एकूण ४१,४७०. मूळ ४५,०४० मधून वजा केले तर फरक ३,५७०. त्यात किंमत १,००० आणि टॅक्स २,५७०. मग "१,००० किंमत आणि २,५७० टॅक्स अशी क्रेडिट नोट द्या" असं लिहू ना?

जमाखर्च | ४:४०

आकडे चोख आहेत. पण तशी नोट बनवायला बसला की बिलिंगवाला अडेल. क्रेडिट नोटमध्ये किंमत आणि तिच्यावरचा टक्का टाकला की टॅक्स त्यावरून निघतो. १,००० ला १२ टक्के लावला तर १२० येतात, २,५७० कुठल्याच टक्क्याने येत नाहीत, कारण त्यात दोन गोष्टी मिसळल्यात. थोडा कमी भाव जुन्या टक्क्याने, आणि उरलेल्या सगळ्या किमतीवरचा टक्क्यातला फरक. तो बिचारा मग टोटल जुळवायला काहीतरी टाकेल.

म्हणून मी असं मागतो. बॉक्सची पूर्ण ओळ जुन्या टक्क्यानेच क्रेडिट नोटने परत घ्या, ३६,००० आणि १२ टक्क्यांचे ४,३२०, मिळून ४०,३२०. आणि बॉक्सचं नवीन बिल, नवीन नंबरने, ३५,००० आणि ५ टक्क्यांचे १,७५०, मिळून ३६,७५०. वजाबाकी करून बघा, ३,५७० च येते. टेपला हातच लागत नाही, ती १४७ मध्येच राहते.

सातपूर_बिलिंग | ४:५८

काका, दुसरा एक रस्ता पण आहे. टॅक्सच्या टक्क्यातल्या फरकासाठी नोटची किंमत शून्य ठेवून फक्त टॅक्सची रक्कम टाकायची सोय पोर्टलवर आहे. भावाची वेगळी नोट आणि टॅक्सची वेगळी नोट असं आम्ही एका पार्टीला केलंय. नवीन बिल करावं लागत नाही.

जमाखर्च | ५:१०

हो, ती सोय आहे, पण मला ती आवडत नाही. वर्षभराने कागद बघणाऱ्याला ती नोट वाचून हिशेब कळत नाही, आणि समोरच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य किमतीची नोट बसवताना पण कटकट होते. पण चूक आहे असं म्हणणार नाही. पार्टीच्या सीएला जे चालतं ते विचारून घ्या.

सातपूर_बिलिंग | ५:१६

आमच्याकडे तरी बसली व्यवस्थित. असो, ज्याची त्याची पद्धत.

नवीन_सदस्य_नाशिकरोड | ५:३०

माझ्या फॉर्म १६ मध्ये पगार चुकलाय, त्यासाठी पण क्रेडिट नोट लागते का? ऑफिसला काय लिहू?

गोदाकाठ | ५:३८

नाही हो, तो इन्कम टॅक्सचा विषय, इथे मालाच्या बिलाचं चाललंय. तुमच्या ऑफिसला टीडीएसचं दुरुस्ती स्टेटमेंट भरावं लागेल. वेगळा धागा काढा, तिथे सांगणारे येतील. पण लिहायची पद्धत हीच ठेवा, कुठल्या रकान्यात काय छापलंय आणि पगारपत्रकाप्रमाणे काय हवं.

अंबड_अकाउंट्स | ६:१५

सगळ्यांचं वाचून मेल लिहिलाय. पाठवायच्या आधी बघता का?

विषय: बिल नं. १४७, दि. ९ ऑक्टोबर २०२५ – ओळ १ मधील भाव व जीएसटी टक्का यांची दुरुस्ती

सप्रेम नमस्कार. आधीच्या मेलमध्ये मी फक्त "रेट चुकला" लिहिलं होतं, ते अपुरं होतं. कृपया तो मेल बाजूला ठेवून हा धरावा.

वरील बिलात ओळ १, पुठ्ठ्याचे बॉक्स, यात दोन रकाने चुकले आहेत.
एक, प्रति नग भाव. छापलेला १८.००, हवा १७.५०. आधार: आमची पीओ, ओळ १, सोबत जोडली आहे. नग २,००० बरोबर आहेत.
दोन, जीएसटीचा टक्का. छापलेला १२ (६ + ६), हवा ५ (२.५ + २.५). आधार: २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला दर. माल, बिल आणि पैसे तिन्ही त्यानंतरचे.

ओळ २, टेप, पूर्ण बरोबर आहे. ४,००० वर १८ टक्के, ७२० रुपये. त्यात काहीही बदलू नये.

यामुळे ओळ १ ची किंमत ३६,००० ऐवजी ३५,०००, टॅक्स ४,३२० ऐवजी १,७५०, आणि बिलाची एकूण रक्कम ४५,०४० ऐवजी ४१,४७० होते. फरक ३,५७०.

विनंती: ओळ १ ची क्रेडिट नोट (३६,००० + ४,३२०) बिल नं. १४७ व त्याची तारीख लिहून द्यावी, आणि बॉक्सचं नवीन बिल (३५,००० + १,७५०) नवीन नंबरने द्यावं. मूळ बिल १४७ आपल्या जीएसटीआर-१ मध्ये पहिल्या पीडीएफप्रमाणेच ४५,०४० चं दाखवावं. नंतर आलेली ४२,००० ची पीडीएफ आम्ही धरलेली नाही, कृपया तीही आपल्याकडे रद्द करावी.

सातपूर_बिलिंग | ६:३२

हा मेल मला आला तर मी फोनसुद्धा करणार नाही, सरळ नोट बनवेन. "ओळ २ बरोबर आहे, बदलू नये" हे वाक्य सोन्याचं. चुकीचं काय ते सगळे लिहितात, बरोबर काय ते कोणी लिहीत नाही, आणि म्हणूनच टेप ५ वर गेली.

एकच जोडा. १२ च्या पुढे तुम्ही ६ + ६ लिहिलंय ते छान, पण रुपये पण लिहा, सीजीएसटी २,१६० च्या जागी ८७५ आणि एसजीएसटी तेवढाच. कारण आमच्या स्क्रीनवर ते दोन वेगळे आकडे दिसतात, ४,३२० हा आकडा कुठेच दिसत नाही.

जमाखर्च | ६:४५

"पैसे त्यानंतरचे" लिहिलंय, तुम्ही पैसे दिलेत का अजून?

अंबड_अकाउंट्स | ६:४९

नाही काका, द्यायचेत. मग "पैसे अजून दिलेले नाहीत" असं लिहिते. आणि आत्ता ४१,४७० च देऊ ना?

जमाखर्च | ६:५८

हो, पण ३,५७० कशासाठी धरले ते मेलमध्ये लिहूनच. नाहीतर त्यांच्या खात्यात तुमच्या नावावर बाकी दिसत राहील आणि त्यासाठी वेगळा फोन येईल. क्रेडिट नोट पोर्टलवर आयएमएसमध्ये दिसली की ती विसरून रिजेक्ट करू नका. तुम्ही रिजेक्ट केली तर ते देणं पुन्हा त्यांच्या अंगावर पडतं.

पंचवटी७ | ७:२०

मी माझ्या तीन बिलांचे मेल आत्ता काढून बघितले. तिन्हीत "करेक्ट बिल पाठवा" एवढंच आहे. एकाचं उत्तर ऑगस्टपासून आलं नाहीये. उद्या परत लिहितो, ओळीसकट.

गोदाकाठ | ७:३१

ऑगस्टचं असेल तर घाबरू नका, या आर्थिक वर्षाच्या बिलांची क्रेडिट नोट पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंत रिटर्नमध्ये दाखवता येते, फक्त सप्लायरने त्याआधी वार्षिक रिटर्न भरलेलं नसलं पाहिजे. गेल्या मार्चअखेर संपलेल्या वर्षातलं काही असेल तर मात्र या महिन्याअखेर मुदत संपते, ते आधी घ्या.

दिंडोरीकर | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

चलान सापडलं, २४ तारखेचा शिक्का हाय. दुकानदाराला दोन्ही फोटो पाठवले आनि लिवलं की बिल १८ चं, माल २४ चा, पैसे १० चे, म्हणून १२ ऐवजी ५, फरक १,६८०. तो म्हनला सीएला इचारून सांगतो. आधी सरळ नाय म्हनत व्हता.

अंबड_अकाउंट्स | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

अपडेट. पार्टीचा मेल आला, क्रेडिट नोट ४०,३२० ची आणि नवीन बिल ३६,७५० चं. भाव साडेसतरा, टक्का ५, सीजीएसटी ८७५ एसजीएसटी ८७५, टेप कुठेच नाही. ४२,००० ची पीडीएफ रद्द केल्याचं पण लिहून दिलंय.

फक्त क्रेडिट नोटवर मूळ बिलाची तारीख १९ ऑक्टोबर छापलीय. लगेच उत्तर टाकलं, "क्रेडिट नोटमधील मूळ बिलाची तारीख: छापलेली १९ ऑक्टोबर २०२५, हवी ९ ऑक्टोबर २०२५, आधार बिल नं. १४७. बाकी सर्व रकाने व रकमा बरोबर आहेत." वीस मिनिटांत ती नोट रद्द करून पुढच्या नंबरची नोट आली. तीन आठवडे अडकलेलं बिल आज चढवलं.

ऑक्टोबरच्या टू-बीमध्ये १४७ पूर्ण टॅक्ससकट येणार आणि नोट पुढच्या महिन्यात, तर मधल्या महिन्यात इनपुट घ्यायचं का थांबायचं हे आमच्या सीएला विचारतेय. कोणी केलं असेल तर सांगा.

सातपूर_बिलिंग | १:०२

आमच्या बहुतेक पार्ट्या १४७ सारखं बिल आयएमएसमध्ये पेंडिंग ठेवतात आणि पुढच्या महिन्यात बिल, नोट, नवीन बिल तिन्ही एकदम घेतात. पण सीए म्हणतील तसंच करा ताई.